बक्षीसपत्राचे भाषांतर करताना

बक्षीसपत्रातले पुतण्या आणि भाचा इंग्रजीत सरसकट ‘नेफ्यू’ होतात. तिथे ‘ब्रदर्स सन’, ‘सिस्टर्स सन’ असेच लिहावे. विधवा सुनेची नुसती ‘डॉटर-इन-लॉ’ करू नये. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना 200 रुपये मुद्रांक शुल्काची सवलत मृत मुलाच्या पत्नीला आहे, सरसकट सुनेला नाही.

देणाऱ्याने ‘तहहयात घरात राहण्याचा हक्क’ राखला असेल, तर तो राहण्यापुरताच. ‘लाइफ इंटरेस्ट’ लिहिले की त्यात भाडेही आल्यासारखे वाटते. ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ याचे ‘सांभाळ करील या विश्वासाने’ असे मवाळ रूप तर नकोच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीस रद्द करून घेताना हीच अट दाखवावी लागते. मूळ वाक्य संदिग्ध असेल, तर भाषांतरही तसेच ठेवा आणि खाली टीप द्या.