एका स्वल्पविरामाचा वाद

कॅनडात रॉजर्स या केबल कंपनीने 2002 मध्ये अलायंटशी खांब वापरण्याचा करार केला. करार पाच वर्षं आणि पुढे पाच-पाच वर्षं चालणार होता. एक वर्षाची लेखी नोटीस देऊन तो संपवायची मुभाही होती.

अलायंटने पहिल्या पाच वर्षांतच नोटीस दिली, भाडं वाढवायचं म्हणून! आधार काय, तर ‘पुढे पाच-पाच वर्षं’ या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम. तसा बंदिस्त तुकडा उचलून बाजूला ठेवला, तर उरतं: करार पाच वर्षं चालेल, नोटिशीने संपवला नाही तर. म्हणजे नोटीस पहिल्या मुदतीलाही लागू. दुसरा स्वल्पविराम नसता, तर ती अट फक्त मुदतवाढीपुरती राहिली असती.

2006 मध्ये नियामक आयोगाने अलायंटचा अर्थ मानला. रॉजर्सने मग त्याच नमुना कराराची फ्रेंच प्रत पुढे केली. तिच्यात ही संदिग्धता नव्हती; 2007 मध्ये आयोगाने तिचाच अर्थ धरला.

मसुदा तपासताना स्वल्पविरामांमधला तुकडा झाकून उरलेलं वाक्य वाचावं. अर्थ बदलला, तर विरामचिन्ह हलवत बसू नये. नोटिशीचं कलम वेगळं लिहावं.