दुभाष्याला पेलेल असं भाषण

अशोक विजयादशमीच्या सुमारास नागपुरात थायलंड, जपान, श्रीलंका, म्यानमार अशा देशांतून बौद्ध पाहुणे येतात. दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहतात, आणि संध्याकाळी एखाद्या सभागृहात त्यांचं स्वागत होतं. समोर निम्मे श्रोते नागपूरचे, त्यांना मराठी हवी. पाहुण्यांना ती कळत नाही. मग वक्त्याशेजारी एक दुभाषी उभा राहतो आणि मराठीचं इंग्रजी करतो. पाहुण्यांच्या रांगेत त्यांचा मार्गदर्शक बसलेला असतो. तो ते इंग्रजी ऐकून थाई किंवा जपानीत हळू आवाजात सांगतो. म्हणजे वक्त्याचं वाक्य दोन माणसांच्या तोंडून पाहुण्यापर्यंत पोहोचतं. अशा सभांची स्वागतपर भाषणं मी लिहून देतो. ती दुसऱ्या भाषणांपेक्षा वेगळी लिहावी लागतात.

सुरुवात वेळेच्या हिशेबाने होते. सभेत मराठी भाषण मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्दांच्या गतीने होतं. दुभाषी मध्ये बोलला की वेळ दुप्पट होतो. मार्गदर्शकाला त्याच्या मागोमाग कुजबुजायला दोन श्वासांची उसंत द्यावी लागते, ती वेगळी. आयोजकांनी दहा मिनिटं दिली, तर मूळ मराठी चार मिनिटांची, म्हणजे चारशे-साडेचारशे शब्दांची धरायची. हे आधी ठरलं नाही, तर वक्ता आठशे शब्द घेऊन उभा राहतो आणि शेवटची दोन पानं धावत वाचतो. दुभाष्याचा दम तिथेच सुटतो.

नंतर येतं वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागे लागतं. त्यामुळे आपलं वाक्य संपेपर्यंत दुभाष्याला तोंड उघडता येत नाही. तोवर जे ऐकलं ते सगळं त्याने डोक्यात धरायचं असतं. त्याच्या हातातल्या वहीत फक्त नावं, आकडे आणि ‘म्हणून’, ‘पण’ यांसारखे जोड टिपलेले असतात. बाकी सगळी भिस्त स्मरणावर.

एका संस्थेकडून माझ्याकडे आलेल्या मसुद्याचं पहिलंच वाक्य असं होतं : ‘ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण करून नंतर स्वतः आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा देऊन इतिहास घडवला, त्या पावन दीक्षाभूमीच्या नगरीत आपल्या सर्वांचे स्वागत करताना आम्हा नागपूरकरांना होणारा आनंद शब्दांत मावणारा नाही.’ मराठी म्हणून यात व्याकरणाची चूक नाही. पण स्वागताची मुख्य गोष्ट शेवटी आहे, तिच्याआधी ‘ज्या’पासून ‘त्या’पर्यंतचा लांब रस्ता आहे, आणि ‘करून’, ‘देऊन’ यांनी तीन घटना एका दोरीत ओवल्या आहेत. दुभाषी यातून हमखास काहीतरी गाळणार. बहुतेक वेळा चंद्रमणींचं नाव गळतं, कारण ते वाक्याच्या पोटात दडलेलं असतं.

ते वाक्य मी असं मोडलं :

‘पाहुणे मंडळी, नागपुरात आपलं स्वागत आहे. याच शहरात दीक्षाभूमी आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. त्यांच्यासोबत माईसाहेब होत्या.

महास्थवीर चंद्रमणी यांनी दोघांना त्रिशरण आणि पंचशील दिलं. चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशचे होते.

मग बाबासाहेबांनी स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली.’

एका वाक्यात एकच क्रिया आणि तिचा कर्ता सुरुवातीला, एवढाच नियम. ‘ज्या-त्या’ निघालं आणि घटना घडल्या त्याच क्रमाने आल्या. तिसऱ्या गटात ‘ते मूळचे ब्रह्मदेशचे’ असं लिहिणं स्वाभाविक होतं, पण ‘ते’ म्हणजे बाबासाहेब की चंद्रमणी, हे दुभाष्याला क्षणभर ताडावं लागलं असतं. म्हणून नाव पुन्हा घेतलं. वाचताना अशी पुनरावृत्ती खटकते, ऐकताना तिचा आधार होतो. ब्रह्मदेशाचा उल्लेख मी मुद्दाम घातला, कारण पुढच्या रांगेत म्यानमारचे भिक्खू बसणार होते.

प्रत्येक वाक्यानंतर थांबलं तर मात्र उलटा त्रास होतो. ‘याच शहरात दीक्षाभूमी आहे’ एवढं बोलून वक्ता गप्प झाला की सभा अडखळते आणि पाहुण्यांना त्या वाक्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही. दोन किंवा तीन वाक्यांत एक विचार पुरा व्हावा आणि थांबा तिथे यावा. कागदावर अशा गटांच्या मधे मी रिकामी ओळ सोडतो, अक्षर मोठं ठेवतो, आणि एक गट कधीही दोन पानांवर तुटू देत नाही.

आकडे आणि सनावळ्या वेगळ्या तपासाव्या लागतात. ‘लाख’ इंग्रजीतून जाताना ‘शंभर हजार’ होतो. थाई मार्गदर्शकाला त्याचा पुन्हा लाख करावा लागतो, कारण थाई भाषेत लाखासाठी स्वतंत्र शब्द आहे. जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते, म्हणून जपानी मार्गदर्शकाला मनात नवा हिशेब करावा लागतो. यासाठी एका गटात एकच आकडा. सनाचंही तसंच. भारतात २५००वी बुद्धजयंती १९५६ मध्ये साजरी झाली. थायलंडच्या बौद्ध संवतात मात्र १९५६ म्हणजे २४९९ आणि तिथला सोहळा १९५७ मध्ये झाला. भाषणात ‘२५००वं वर्ष’ म्हटलं की थाई पाहुण्याला साल चुकलंय असं वाटू शकतं. मी फक्त इसवी सन लिहितो.

पाली वचनांचा प्रश्न सोपा आहे. त्रिशरण म्हणताना दुभाष्याने गप्प राहायचं, हे कागदावर कंसात लिहून ठेवतो. थायलंड, श्रीलंका आणि म्यानमारचे पाहुणे ते आपोआप सोबत म्हणू लागतात. कविता, शेर, यमकातला विनोद यांचं मात्र काही होत नाही. वक्त्याला आवडत असेल तर एकच ओळ ठेवायची आणि तिचा अर्थ पुढच्या वाक्यात साध्या मराठीत त्यानेच सांगायचा. दुभाषी ओळ सोडून तो अर्थ उचलतो.

भाषण जमलंय की नाही, हे तालमीत कळतं. एक गट मोठ्याने वाचायचा आणि दुभाष्याने कागदाकडे न बघता तो सांगायचा. त्याचं इंग्रजी आपल्या मराठीपेक्षा बरंच लांबलं, तर तो वाक्य सोडवत बसलाय असं समजावं. त्याने ‘कोण?’ विचारलं, तर कर्ता हरवलाय. त्याने नाव गाळलं, तर ते नाव वाक्याच्या मध्यातून काढून पुढे आणावं. सभेत हीच परीक्षा पाहुण्यांकडे बघून कळते. भाषण जमलं नसेल, तर नागपूरकर टाळ्या वाजवून थांबतात आणि पाहुण्यांच्या टाळ्या येतच नाहीत.

यालाही मर्यादा आहे. वक्ता कागद बाजूला ठेवून उत्स्फूर्त बोलू लागला की लिहिलेलं सगळं निरुपयोगी ठरतं. तेव्हा दुभाष्याने त्याच्या कोपराला हलकेच स्पर्श करायचा, अशी खूण दोघांनी आधी ठरवलेली बरी.

तुमच्या संस्थेत असा कार्यक्रम असेल तर भाषणाचा कागद आणि पाहुण्यांच्या नावांचे उच्चार दुभाष्याला किमान दोन दिवस आधी द्या. व्यासपीठावर चढताना हातात दिलेला कागद त्याच्या काहीही उपयोगाचा नसतो.