‘महोदय’च्या खालच्या दोन ओळी

तहसील कार्यालयात अर्ज घेऊन गेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तहसीलदार असतात. कागद मात्र आधी पडतो बारनिशीच्या हातात. बारनिशी म्हणजे आवक-जावक टपाल सांभाळणारा लिपिक. तो अर्जावर शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो, रजिस्टरात अर्जदाराचे नाव आणि चार शब्दांत विषय लिहितो. मग कागद कोणत्या टेबलाचा हे ठरते आणि तो जमीन, पुरवठा, फौजदारी, निवडणूक अशा कुठल्या तरी शाखेत जातो. हे सगळे ठरते अर्जाच्या वरच्या भागावर नजर टाकून. तीन पानांची कर्मकहाणी त्या टप्प्यावर कोणी वाचत नाही, आणि समोर टपालाचा ढीग असताना तशी अपेक्षा करणेही चुकीचे आहे.

म्हणून विषय, संदर्भ आणि त्याखालच्या पहिल्या दोन ओळींत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: प्रकरण कशाचे आहे, कोणत्या कागदाच्या आधारे आहे आणि कार्यालयाने नेमके काय करायचे आहे. आपल्याकडे मात्र तिथे बहुधा असे वाक्य असते: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास नम्र विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी वरील ठिकाणचा कायमचा रहिवासी असून शेतीवर माझा उदरनिर्वाह चालतो.’ अर्धे पान संपते आणि गट क्रमांक अजून यायचाच असतो.

एक नेहमीचे प्रकरण घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. वडील वारले. 1991 साली दोन भाऊ आणि एक बहीण अशा तिघांची वारस नोंद फेरफार क्रमांक 684 ने मंजूर झाली आणि तिन्ही नावे हस्तलिखित सातबाऱ्यावर आली. पुढे सातबारे संगणकावर चढवताना बहिणीचे नाव राहून गेले. कर्जासाठी उतारा काढला तेव्हा तिला हे कळले. तिने अर्ज केला: ‘विषय – सातबाऱ्यावर माझे नाव लावणेबाबत.’

या विषयात खोटे काही नाही, पण त्याने कागद चुकीच्या वाटेला लागतो. ‘नाव लावणे’ म्हटले की महसूल खात्यात नवी वारस नोंद डोळ्यांसमोर येते, आणि ते काम तलाठ्याकडून सुरू होते. अर्ज तलाठ्याकडे गेला. त्याने जुने फेरफार पाहिले आणि कळवले की वारस नोंद आधीच झालेली आहे, त्यामुळे पुन्हा घेता येत नाही. त्याचेही खरेच होते. बाईंना हवी होती दुरुस्ती आणि त्यांनी मागितली नोंद.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 मध्ये लिहिताना झालेल्या चुका आणि हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय आहे. अशा प्रकरणांत आदेश सहसा तहसीलदार करतात. हेच प्रकरण त्या वाटेने न्यायचे तर अर्जाचे डोके असे हवे:

विषय : मौजे (गाव), गट क्र. 112 – फेरफार क्र. 684 नुसार असलेले नाव संगणकीकृत सातबाऱ्यात दुरुस्तीने घेण्याबाबत (कलम 155).

संदर्भ : 1) फेरफार क्र. 684, मंजूर दि. 12/3/1991. 2) हस्तलिखित सातबारा. 3) संगणकीकृत सातबारा.

महोदय, संदर्भ 1 नुसार गट क्र. 112 च्या हस्तलिखित सातबाऱ्यावर तीन वारसांची नावे आहेत. संगणकीकृत सातबाऱ्यावर त्यांपैकी माझे नाव आलेले नाही. ही लेखनातील चूक कलम 155 नुसार दुरुस्त करून भोगवटादार म्हणून माझे नाव घेण्याचा आदेश व्हावा, ही विनंती.

पहिल्या ओळीत दोन कागदांतली तफावत आहे, दुसरीत कलम आणि आदेशाची मागणी. लिपिकाला टिपणी तयार करायची असते, ती इथेच निम्मी तयार होते. वडील कधी वारले, नाव नसल्याने कर्ज कसे अडले, हे खाली खुशाल लिहावे.

मागणीचे क्रियापद तोलून निवडावे लागते. ‘प्रत मिळावी’, ‘चौकशी व्हावी’, ‘दुरुस्तीचा आदेश व्हावा’ या तिन्ही मागण्यांवर कार्यालय वेगवेगळी कामे करते. सर्वांत निरुपयोगी मागणी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही. ती सभ्य वाटते, पण तिचे उत्तरही तितकेच सभ्य येते: मूळ अर्ज पुढच्या कार्यालयाला जोडून पाठवला जातो, ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असे लिहून. लिपिकाच्या लेखी कागद निकाली निघाला आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण मागितले तेवढे त्याने केले. एकाच अर्जात सातबारा दुरुस्ती, रेशनकार्डातले नाव आणि बांधाचा वाद घालण्याचेही असेच होते. कागद एक, तो एका टेबलावर बसतो. बाकीच्या मागण्या त्याच्या पोटात झोपून राहतात.

संदर्भाची खरी कसोटी दुसऱ्या पत्रात लागते. पहिल्या अर्जाच्या वेळी आपल्याजवळ फक्त जमिनीचे कागद असतात. त्यानंतर दोन क्रमांक तयार होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, आपल्या पोच-प्रतीवरचा आवक क्रमांक. दुसरा, कार्यालयाकडून आलेल्या पत्रावरचा जावक क्रमांक. त्यात बहुधा शाखेचे नाव आणि ‘कावि’ ही अक्षरे असतात. कावि म्हणजे कार्यविवरण, म्हणजे त्या टेबलावरच्या लिपिकाची स्वतःची नोंदवही. तुमचे प्रकरण कोणाच्या टेबलावर आहे हे त्या ओळीतच लिहिलेले असते. ‘माझा मागील अर्ज’ असा संदर्भ दिला तर लिपिकाने शोधायचे कसे? संचिका क्रमांकाने सापडते, ओळखीने नव्हे. (ओळखीनेही सापडते, पण ती सर्वांकडे नसते.)

समजा, तहसीलने फेरफाराची प्रमाणित प्रत मागवली. उत्तराच्या पत्रात विषय शब्दशः पहिलाच ठेवावा. तो सुधारून लिहिण्याच्या मोहात पडले की बारनिशीत नवे प्रकरण उभे राहण्याची भीती असते. संदर्भात आधी आपला अर्ज, आवक क्रमांक व दिनांकासह, मग त्यांचे पत्र, जावक क्रमांक व दिनांकासह. पुढे: ‘संदर्भ 2 नुसार मागितलेली फेरफार क्र. 684 ची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. त्यानुसार संदर्भ 1 वर आदेश व्हावा, ही विनंती.’ पत्र इथेच संपवले तरी चालते.

दोन ओळी बरोबर लागल्या की नाही हे कळायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. आठवड्याने पोच घेऊन जावे आणि ‘हा कोणत्या टेबलाला मार्क झाला?’ एवढेच विचारावे. टेबल भलतेच निघाले तर तेव्हाच एका पानाचे पत्र देऊन विषय स्पष्ट करावा.

नेमक्या शब्दांनी सुटत नाही असेही एक प्रकरण आहे. बहिणीचे नाव 1991 च्या फेरफारातच नसेल, भावांनी दोघांचीच नोंद करून घेतली असेल आणि आज ते ती चूक मान्य करत नसतील, तर ती लेखनातील चूक उरत नाही. कलम 155 कितीही ठळक लिहिले तरी तहसीलदार तिथे हात घालू शकत नाहीत. मग अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे अपील म्हणून जातो, पहिल्या ओळीत ‘फेरफार क्र. 684 च्या मंजुरीविरुद्ध’ असे येते, आणि दुसऱ्या ओळीत इतक्या वर्षांचा विलंब माफ करण्याची मागणी आधी करावी लागते.