कोजागरीपर्यंत नोंदवा

दिवाळीच्या तोंडावर मिठाईचे छोटे दुकान शुभेच्छा पाठवते, तेव्हा त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ नोंदणीच्या शेवटच्या तारखेची असते. ती ठरते अनारशांवरून. तांदूळ 3 दिवस भिजतात, रोज पाणी बदलावे लागते. मग ते सावलीत कोरडे करून, ओलसर असतानाच दळून, गुळात मळलेले पीठ निदान 4-5 दिवस मुरवायचे. घाई केली, गूळ जास्त झाला, की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. चिवड्याला एवढा वेळ लागत नाही. कोजागरी ते वसुबारस साधारण 12 दिवस मिळतात. तळणे, डबे भरणे त्यात बसते. म्हणून मजकूर असा असावा:

‘आपणा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! साजूक तुपातले अनारसे यंदाही करतो आहोत. मागणी कोजागरीपर्यंत नोंदवा, अर्धा किलोपासून. निम्मी रक्कम आगाऊ. डबे धनत्रयोदशीला, सकाळी 10 ते रात्री 8, दुकानातच मिळतील.’

खाली किलोचा भाव आणि फोन नंबर हवाच. भाव लिहिला नाही, तर ऐन तळणाच्या वेळी दुकानदार फोनवरच अडकतो.