आकडा न मोडता ओळ मोडताना

मोजमापांची फाइल उघडावी आणि सगळे आकडे एकाच लांबलचक ओळीत निघावेत, हे नेहमीचंच. कागदावर घ्यायचं तर ओळ ठरावीक रुंदीला मोडावी लागते. लिनक्सवर त्यासाठी `fold` ही आज्ञा आहे. समजा ओळ अशी आहे:

```
1024 2048 4096 8192 16384 32768
```

`fold -w 22` दिलं की ती बावीस अक्षरं मोजते आणि तिथेच कापते. पहिली ओळ `16` वर संपते, दुसरी `384` ने सुरू होते. सोळा हजारांच्या आकड्याचे असे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही तुकडे खऱ्या आकड्यांसारखेच दिसतात. मला धोका वाटतो तो याचाच, कारण डोळ्याला काहीच खटकत नाही.

उपाय एका अक्षराचा आहे:

```
fold -s -w 22 akade.txt > nave.txt
```

`-s` मुळे आज्ञा बावीसच्या आतली शेवटची मोकळी जागा शोधते आणि तिच्यानंतर ओळ मोडते. `16384` अख्खा खाली जातो. वरच्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा मात्र उरते.

पण आकडे नुसत्या स्वल्पविरामांनी जोडलेले असतील, तर मोकळी जागाच सापडत नाही आणि `-s` असूनही आकडा तुटतो. तेव्हा आधी `sed 's/,/, /g'` चालवून प्रत्येक स्वल्पविरामापुढे जागा सोडावी.

शेवटी दोन्ही फाइलींवर `wc -w` चालवावं. आपल्या ओळीत सहा आकडे आहेत. सात आले, तर कुठेतरी एक तुटला आहे.