अक्षरं शाबूत, फोटो हलके

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. समजा, अशा एका सोसायटीचा अहवाल आला आहे : चाळीस पानं, तडे, ओल आणि उघड्या पडलेल्या सळ्यांचे साठ फोटो. फोटो मोबाइलवर काढलेले, प्रत्येकी साडेतीन एमबीचे. ते मूळ रूपात पीडीएफमध्ये गेले, तर फाइल दोनशे एमबीच्या पुढे जाते. समोरच्या कार्यालयाची ईमेल-मर्यादा मात्र १० एमबी. तीही पुरती वापरता येत नाही, कारण ईमेलमधून जाताना जोडलेल्या फाइलचं वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. म्हणजे फाइल सात एमबीच्या आत बसवायला हवी.

फाइल झिप करून उपयोग होत नाही. मोबाइलचे फोटो जेपीईजी स्वरूपात आधीच दाबलेले असतात, त्यातून आणखी हवा निघत नाही.

टाइप केलेला मजकूर पीडीएफमध्ये चित्र म्हणून साठवलेला नसतो. कोणतं अक्षर कुठे, कोणत्या फाँटमध्ये, एवढीच नोंद असते, आणि अक्षराच्या कडा उघडताना नव्याने रेखल्या जातात. चाळीस पानांच्या मजकुराचं वजन म्हणूनच किरकोळ असतं. सगळा भार फोटोंचा, त्यामुळे अक्षरांना हात न लावता फक्त फोटो हलके करता येतात.

किती हलके? फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे आणि पानावर त्याची रुंदी ४ इंच आहे. म्हणजे इंचाला १००० पिक्सेल. पडद्यावर वाचायला आणि साध्या प्रिंटला इंचाला १५० पुरतात. तेवढेच ठेवले, तर फोटो ६०० बाय ४५० चा होतो. एक कोटी वीस लाख पिक्सेलचे उरले दोन लाख सत्तर हजार. असा फोटो साधारण ७० केबीत मावतो आणि साठ फोटो मिळून चार-साडेचार एमबी होतात.

मूळ वर्ड फाइल हाताशी असेल, तर काम तिथेच करावं. एका फोटोवर क्लिक करून Picture Format मधलं Compress Pictures उघडायचं, ‘Apply only to this picture’ वरची खूण काढायची, 150 ppi निवडायचं आणि मग पीडीएफ करायची. फक्त पीडीएफच हाती असेल, तर घोस्टस्क्रिप्ट हा मोफत प्रोग्राम कामी येतो :

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -o lahan.pdf mul.pdf
```

विंडोजवर gs च्या जागी gswin64c लिहायचं. /ebook म्हणजे इंचाला १५०. /screen घेतलं तर ७२ वर येतं आणि फोटो धुरकट दिसतात.

इथे एक मेख आहे. सोसायटीच्या दृष्टीने या फोटोंचा जीव बारीक तड्यांत आहे. फोटोत एक मीटर रुंदीची भिंत असेल, तर ६०० पिक्सेलमध्ये एका पिक्सेलच्या वाट्याला दीड मिलिमीटरहून जास्त भिंत येते. केसाएवढा तडा त्यात दिसेनासा होतो. अशा वेळी सगळे फोटो जड ठेवण्यापेक्षा आधी फोटोतला तड्याचा वीसेक सेंटिमीटरचा भाग कापून घ्यावा आणि तोच पानावर ४ इंच रुंद लावावा. तेवढ्याच ६०० पिक्सेलमध्ये तडा पाचपट मोठा दिसतो.

दुसरी अडचण स्कॅन केलेल्या पानांची. सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून जोडलं असेल, तर त्यातली अक्षरंही फोटोच असतात आणि वरच्या उपायात तीही पुसट होतात. अशी पानं वेगळी काढावीत, इंचाला ३०० ठेवून करडी छटा नसलेल्या निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करावीत आणि बाकीची फाइल हलकी केल्यावर जोडावीत. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात अक्षरं ठसठशीत राहतात, वजनही फार होत नाही. शिक्क्याचा रंग मात्र जातो. तो हवा असेल तर तेवढंच पान रंगीत ठेवावं.

पाठवण्याआधी नवी फाइल ४०० टक्के मोठी करून पाहावी. अक्षरांच्या कडा धारदार हव्यात आणि टाइप केलेल्या ओळीवर माउस ओढला, की शब्द निवडले गेले पाहिजेत. मूळ फाइलमध्ये ते निवडता येत होते आणि आता येत नसतील, तर वापरलेल्या साधनाने अख्ख्या पानाचंच चित्र केलं आहे. ती फाइल टाकून द्यावी.

अभियंत्याची डिजिटल सही मात्र या सगळ्यानंतरच घ्यावी. आधीच सही केलेली फाइल लहान करायला घेतली, तर ती नव्याने लिहिली जाते आणि सही अवैध ठरते.