मधूनच बघायची फिल्म

संग्रहालयाच्या दालनात भिंतीवर एक पडदा असतो. त्यावर काहीतरी सतत चालू असतं आणि आवाज नसतो. समोर बाक नसतो, ‘पुढचा खेळ अमुक वाजता’ अशी पाटीही नसते. लोक चालता चालता बघतात आणि पुढे जातात. ही फिल्म सुरुवातीपासून बघणारा माणूस क्वचितच भेटतो, आणि शेवटपर्यंत बघणारा त्याहून क्वचित. तरी तिची संहिता लिहायला बसलेला लेखक बहुतेक वेळा सवयीने सुरुवात, मध्य आणि शेवट असंच लिहून जातो.

हे काम कसं चालतं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका संग्रहालयात वेरूळच्या कैलास लेण्याची लाकडी प्रतिकृती ठेवली आहे. तिच्या शेजारच्या भिंतीवर एक पडदा आहे. हे 16 क्रमांकाचं लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मानलं जातं. ते बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली फोडत कोरून काढलेलं आहे. प्रतिकृतीत मंदिर दिसतं, पण ते कसं झालं हे दिसत नाही. ती एकच गोष्ट पडद्याने सांगायची आहे.

आधी हिशेब मांडू. दालनात लोक रस्त्यापेक्षा सावकाश चालतात, सेकंदाला साधारण एक मीटर धरू. पडद्यावरचं नीट दिसायला लागतं ते सहाएक मीटरवरून. म्हणजे न थांबणाऱ्या माणसाकडे जेमतेम सहा सेकंद आहेत, आणि तेही तो पडद्याकडेच बघत राहिला तर. बेव्हर्ली सेरेल या अमेरिकन अभ्यासिकेने शंभराहून अधिक प्रदर्शनांतल्या प्रेक्षकांच्या नोंदी गोळा करून 1998 मध्ये पुस्तक काढलं. बहुतेक ठिकाणी लोक अख्ख्या प्रदर्शनात वीस मिनिटांच्या आतच असतात, असं त्यातून दिसलं. त्या वीस मिनिटांतले सहा सेकंद आपल्या वाट्याला आले, तर तक्रार करायला जागा नाही.

आता सवयीने लिहिलेली संहिता घ्या. एकूण साठ सेकंद. आधी शीर्षक, मग नकाशा, मग राजाचं नाव आणि काळ, मग डोंगर, मग आठ सेकंद डोंगर कोरताना, मग पूर्ण झालेलं मंदिर आणि शेवटी श्रेयनामावली. कागदावर हे छान वाटतं. पण कोरण्याचं दृश्य आठ सेकंदांचं आणि बघणारा सहा सेकंदांचा. तो साठ सेकंदांत केव्हाही येऊ शकतो. त्या दृश्याचा थोडा तरी भाग त्याच्या नजरेला पडण्याची शक्यता साठात चौदा, म्हणजे चारात एकापेक्षाही कमी. बाकीच्यांना नकाशा दिसेल, नावं दिसतील किंवा एक सुंदर मंदिर दिसेल. ते मंदिर तर शेजारी लाकडात ठेवलेलंच आहे.

जत्रेतल्या पाळण्यासारखं हे आहे. खाली आलेल्या कुठल्याही डब्यात माणूस बसतो आणि त्याची फेरी तिथूनच सुरू होते. म्हणून संहितेचा प्रत्येक तुकडा ‘पहिला’ म्हणूनच लिहावा लागतो.

त्यासाठी कागदावर तीन रकाने पुरत नाहीत. वेळ, चित्र आणि शब्द हे नेहमीचे. चौथा रकाना हवा: ‘आत्ता, या क्षणी आलेल्या माणसाला काय कळेल?’ ज्या ओळीपुढे हा रकाना रिकामा राहतो किंवा ‘पुढचं बघितल्यावर कळेल’ असं लिहावं लागतं, ती ओळ काढून टाकायची. शीर्षक, नकाशा, काळ आणि श्रेयनामावली इथेच गळतात. पण राजाचं नाव आणि शतक तर हवंच. मग ते पडद्याशेजारी भिंतीवर छापावं. जे सतत दिसायला हवं ते हलत्या चित्रात ठेवूच नये. छापलेली ओळ कुणाला थांबायला लावत नाही आणि सुटूनही जात नाही.

आता उरला गाभा. कैलासाच्या बाबतीत तो एका स्थिर चित्रात मावतो: वरचा भाग कोरीव, खालचा भाग अजून कच्चा डोंगर. हे चित्र एकदा सापडलं की फिल्म त्याच्याभोवती रचता येते. बत्तीस सेकंदांची फेरी घेऊ आणि आठ-आठ सेकंदांचे चार तुकडे करू. पहिल्या तुकड्यात डोंगराच्या उतारावर वरून चर खणले जातात आणि मधे दगडाचा एक प्रचंड ठोकळा सुटा उरतो. त्याच्या माथ्यावर शिखराचा कळसाकडचा भाग आताच आकार घेऊ लागला आहे. दुसऱ्यात शिखर बरंच उतरलं आहे आणि त्याखाली आडदांड दगड आहे. तिसऱ्यात भिंती आणि खांब आले, पण पायथा अजून दगडातच आहे. चौथ्यात अगदी तळाशी मंदिर पाठीवर पेलणारे हत्ती दगडातून सुटत आहेत, आणि एका कोपऱ्यात थोडा दगड अखेरपर्यंत शिल्लक आहे. कुठल्याही क्षणी फिल्म थांबवा, वर-खालीचा तो फरक चौकटीत दिसलाच पाहिजे.

इथे एक फसगत होते, आणि ती संहितेच्या कागदावर दिसत नाही. कोरणारे खाली सरकतात म्हणून कॅमेराही त्यांच्याबरोबर खाली न्यावा, असं कुणालाही वाटेल. पण कॅमेरा खाली गेला की पडद्यावर मंदिर वर सरकतं. सहा सेकंद बघणाऱ्याला ते जमिनीतून उगवत असल्यासारखं दिसतं, म्हणजे सांगायचं होतं त्याच्या बरोबर उलटं. म्हणून संहितेत स्पष्ट लिहावं लागतं: कॅमेरा जागचा हलणार नाही, डोंगराची वरची कड चौकटीत एकाच जागी राहील, आणि तिच्याखाली फक्त तळ खोल खोल जात राहील.

दुसरी अडचण फेरी जोडण्याची. मंदिर पूर्ण झालं, आता पुन्हा अखंड डोंगराकडे जायचं कसं? फिल्म उलटी फिरवली तर त्या वेळी आलेल्या माणसाला मंदिरावर दगड चढताना दिसेल. पडदा काळा केला तर तो बंद पडलाय असं समजून माणूस मान वळवेल. मंदिरावर डोंगर हळूहळू उमटवला, तर मंदिर विरघळून गेल्यासारखं वाटेल. मग वाट काढायची ती जागेतूनच. कैलासाच्या मागे आणि बाजूंना डोंगराचा कापलेला कडा सुमारे तीस मीटर उंच उभा आहे. चौथ्या तुकड्याच्या शेवटी कॅमेरा आधी आडवा वळून मंदिर सोडतो आणि कड्यावर येतो. मग फक्त दगड दिसत असताना तो कड्यावरून वर चढतो आणि माथ्यावरच्या उतारावर पोचतो. तीच पहिल्या तुकड्याची पहिली चौकट. कॅमेरा एवढ्या एकाच वेळी हलतो आणि तेव्हा मंदिर चौकटीत नसतं, त्यामुळे ते वर-खाली सरकल्याचा भास होत नाही. कड्यावर छिन्नीच्या खुणा स्पष्ट दाखवल्या, तर हे मधले तीन-चार सेकंदही वाया जात नाहीत.

पहिली आणि शेवटची चौकट तंतोतंत एक असली, तरी काही प्लेअर फाइल पुन्हा सुरू करताना क्षणभर काळा पडदा दाखवतात. दिवसातून शेकडो वेळा तो दिसणार. म्हणून प्रत्यक्ष त्याच प्लेअरवर, त्याच पडद्यावर फेरी जोडून बघायची, संपादनाच्या संगणकावर नव्हे.

शब्दांचं काय? बसून बघणाऱ्यासाठी दोन ओळींचं भरगच्च उपशीर्षक सहाएक सेकंद ठेवतात. इथे तर माणसाकडे आहेतच सहा सेकंद, आणि तो चालतोय. शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा एकाखाली एक दिल्या तर चित्रच झाकलं जातं. त्या आळीपाळीने दिल्या तर प्रत्येकाला दोन तृतीयांश वेळ दुसऱ्याचीच भाषा दिसते. म्हणून वाक्यं भिंतीवर जावीत. पडद्यावर फार तर खाली जाणारा एक बाण आणि ‘वरून खाली’ एवढे दोन शब्द. तेही मोठ्या आकारात, कारण देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रा आणि जोडाक्षरं लांबून आधी गिचमिड होतात.

आवाज नसण्याची सर्वांत मोठी अडचण मात्र ऐतिहासिक प्रामाणिकपणाची आहे. चित्राला ‘बहुधा’ म्हणता येत नाही. पडद्यावर पन्नास कारागीर दाखवले की ते पन्नासच होते असं ठरून जातं. शिखर पुरतं घडवूनच खालच्या कामाला हात घातला असं दाखवलं, तर अभ्यासक हरकत घेईल: वेगवेगळ्या भागांचं काम एकाच वेळीही चाललं असणार, आणि प्रांगणाच्या बाजूची काही दालनं नंतरची आहेत. यावर उपाय दाखवण्यापेक्षा वगळण्यात आहेत. माणसांचा घोळका न दाखवता एक हात, एक छिन्नी, एक हातोडा दाखवावा. बाजूची दालनं कोऱ्या कड्यासारखीच ठेवावीत. कोरीव कामाच्या कडा मुद्दाम कच्च्या ठेवाव्यात, म्हणजे ‘शिखराचा शेवटचा घाव झाला, आता भिंती’ असा अर्थ निघणार नाही. जिथे केवळ तर्क आहे, तिथे रंगीत चित्राऐवजी साधं रेखाटन वापरावं. दगड किती उपसला, किती वर्षं लागली, याचे अंदाज भिंतीवरच्या मजकुरात द्यावेत. तिथे ‘अंदाजे’ हा शब्द लिहिता येतो.

फिल्म बनवण्याआधी संहिता तपासता येते, आणि त्याला खर्चही फारसा नाही. चौकटींची साधी रेखाटनं लॅपटॉपवर क्रमाने लावा, लॅपटॉप एखाद्या वऱ्हांड्यात ठेवा आणि ज्यांना विषय ठाऊक नाही अशा लोकांना त्यावरून चालत जायला सांगा. दर वेळी सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करा. मग एकच प्रश्न विचारा: ‘काय चाललं होतं?’ ‘कळलं का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर ‘हो’ म्हणतात. ‘मंदिर बांधत होते’ हे उत्तर आलं तर बिघाड आहे, आणि तो कुठून सुरुवात केल्यावर आला हे नोंदवलं असेल तर कुठला तुकडा दुरुस्त करायचा तेही कळतं. ‘डोंगर वरून फोडत होते’ असं उत्तर चारही सुरुवातींना यायला हवं.

एका माणसाचा विचार संहितेत बहुधा होत नाही, तो म्हणजे दालनातला सुरक्षारक्षक. बत्तीस सेकंदांची फेरी आठ तासांत नऊशे वेळा होते. आवाज नसणं हा त्याच्यावर उपकारच, कारण शेजारच्या दालनापर्यंत पोचणारा तोच तो संवाद कर्मचारी पुढे बंदच करून टाकतात. चित्रातही भगभगीत झोत, वारंवार लकाकणारा प्रकाश टाळावा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट काहींच्या प्रकृतीला धोक्याचा ठरू शकतो, आणि डोळ्यांच्या कडेला सतत काही लकाकत असेल तर शेजारच्या प्रतिकृतीकडे कुणाची नजर ठरत नाही.

शेवटी तपासायचं तेही हेच. फिल्म लागल्यावर लोक पडद्यासमोर किती वेळ थांबतात हे मोजण्याचा मोह होतो. त्याऐवजी पडदा बघून झाल्यावर त्यांची मान कुठे वळते ते बघावं. ती प्रतिकृतीकडे वळली आणि नजर शिखरापासून हत्तींपर्यंत, वरून खाली गेली, तर संहिता जमली. माणूस दोन फेऱ्या पडद्यावरच खिळून राहिला आणि लाकडी कैलास न बघता पुढे गेला, तर फिल्म कितीही देखणी असली तरी संहिता पुन्हा लिहायला घ्यावी.